बारा एपिसोडची गोष्ट आणि बारा एपिसोडचा सीझन

विश्रामबागला राहणारी माझी मावसबहीण दिवाळीच्या सुट्टीत म्हणाली, दादा मला ॲनिमे बघायचंय पण ते शंभर-दोनशे एपिसोडवालं नको, छोटं सांग. मी काही सांगायच्या आत तिनं 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' लावलं पण, कारण 12 एपिसोड दिसले. भडंगाचा डबा शेजारी घेऊन दोन रात्रीत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फोन, "अरे दादा, हे संपलंच नाही की!"

सिरीज भारीच आहे, तिची काही चूक नाही. जपानमध्ये टीव्हीवर ॲनिमे तीन-तीन महिन्यांच्या स्लॉटमध्ये लागतं, आठवड्याला एक एपिसोड, त्यामुळं 12-13 हा आकडा बहुतेक वेळा नुसता स्लॉटचा असतो, गोष्ट त्यात संपली की नाही हे त्यावरनं कळत नाही. नेव्हरलँड ज्या मांगावरनं, म्हणजे जपानी कॉमिकवरनं, बनलंय त्यात 181 चॅप्टर आहेत आणि 2019 च्या पहिल्या सीझनमध्ये त्यातले पहिले 37 च आलेत. अनाथाश्रमातली पोरं, त्यांचा पळून जायचा प्लॅन, एवढा भाग मस्त बसलाय, पण पुढची सगळी दुनिया बाकीच राहते. 2021 मध्ये दुसरा सीझन आला, 11 एपिसोडचा, त्यात मांगाचे मोठमोठे भाग गाळलेत, म्हणून पुढं मी तिला मांगाच वाचायला दिला.

आता 'इरेज्ड' घ्या. हे पण 12 एपिसोडच, 2016 चं. 29 वर्षांचा सातोरू मागं 1988 मध्ये जातो, परत शाळकरी पोरगा होतो आणि वर्गातल्या कायो नावाच्या मुलीला खुन्यापासून वाचवायला धडपडतो. खुनी कोण ते कळतं, पुढं काय झालं तेही कळतं, विषय बंद. मूळ मांगाची मुख्य गोष्टपण त्याच वर्षी संपली. हां, शेवटचे दोन-तीन एपिसोड पळवल्यासारखे वाटतात कारण मांगाचा उरलेला भाग त्यात कोंबलाय, पण अर्धवट सोडलेलं नाही.

मग लावायच्या आधी ओळखायचं कसं? ॲपवर 'Season 1' लिहिलंय यावर जाऊ नका, एकच सीझन असलेल्या सिरीजलापण तेच लिहितात. MyAnimeList या वेबसाइटवर त्या सिरीजचं पान उघडा आणि Related मध्ये Sequel आहे का ते बघा. नसलं तरी लगेच खूश होऊ नका, पुढचा सीझन कधी बनलाच नाही असंपण असतं, म्हणून खाली Source बघा. Manga असेल तर तो मांगा संपलाय का आणि ॲनिमे कुठल्या चॅप्टरपर्यंत जातं ते शोधा. Original असेल तर गोष्ट टीव्हीसाठीच लिहिलेली असते, तिथं बारा-तेरात शेवट व्हायची शक्यता बरीच जास्त.

बहिणीला मग मी 'अ प्लेस फर्दर दॅन द युनिव्हर्स' लावून दिलं, 2018 चं, 13 एपिसोड, Source: Original, चार शाळकरी मुली अंटार्क्टिकाला जातात. एक एपिसोड साधारण 24 मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून पाच-सव्वापाच तास. शेवटचा एपिसोड तिनं मावशीला शेजारी बसवून बघितला.