खुर्चीत १३८, उभं राहिल्यावर ११४

पहाटे तीनच्या सुमारास ८६ वर्षांचे एक आजोबा लघवीला उठले आणि पलंगापासून चार पावलांवर पडले. हाड मोडलं नाही, कपाळाला टाके पडले. सकाळी रक्तदाब मोजला तेव्हा तो १३८/६६ भरला. घरच्यांना हायसं वाटलं. बीपी तर छान आहे, मग पडले कसे?

हे आजोबा म्हणजे काही एक खरा रुग्ण नव्हे. वृद्धांच्या दवाखान्यात रोज दिसणाऱ्या अनेकांना जोडून मी त्यांना उभं केलं आहे. त्यांचं उत्तर त्या १३८ मध्ये नव्हतं, कारण तो आकडा खुर्चीत बसल्यावरचा होता. त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून मोजला तर रक्तदाब १४८. मग उभं केलं. एका मिनिटाने १२२ आणि तीन मिनिटांनी ११४. वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० किंवा खालचा १० ने घसरला, तर त्याला स्थितीजन्य रक्तदाब-घट म्हणतात. इथे वरचा आकडा ३४ ने घसरला होता. आजोबांना मात्र चक्कर वगैरे काही जाणवली नव्हती. अनेकांना जाणवतच नाही, म्हणून नुसतं “चक्कर येते का?” असं विचारून भागत नाही, उभं करून मोजावंच लागतं.

आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांच्या भिंतीत दाब टिपणारे चेतातंतू असतात. भिंत कमी ताणली गेली की ते मेंदूला कळवतात, हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि काही सेकंदांत सगळं पूर्ववत होतं. ऐंशीनंतर या भिंती कडक झालेल्या असतात. कडक भिंत ताणतही नाही आणि सैलही पडत नाही, त्यामुळे निरोप उशिरा जातो. याच कडकपणामुळे वरचा आकडा चढलेला असतो. म्हणजे बसल्यावर जास्त आणि उभं राहिल्यावर कमी, ही दोन्ही दुखणी एकाच मुळाची. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर उपचार एका बाजूला ओढला जातो.

म्हातारपणी रक्तदाब थोडा चढाच बरा, असं कधीकाळी डॉक्टरही मानत. २००८ साली हायव्हेट या चाचणीने तो समज मोडला. ८० वर्षांपुढचे ३,८४५ लोक, सगळ्यांचा वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त. निम्म्यांना इंडापामाइड आणि गरजेप्रमाणे पेरिंडोप्रिल, निम्म्यांना निष्क्रिय गोळी. लक्ष्य होतं १५०/८०. औषध घेणाऱ्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं. पक्षाघात ३० टक्क्यांनी घटला, पण तो आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला. फायदा इतका लवकर दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. निम्म्याहून अधिक लोकांचा मागोवा दोन वर्षंही घेतला गेला नव्हता. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला “आता कशाला गोळ्या?” असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढे २०१५ साली स्प्रिंट चाचणीने लक्ष्य आणखी खाली खेचलं. तिच्यात पंचाहत्तरीपुढचे २,६३६ जण होते. १२० च्या खालचं लक्ष्य ठेवलेल्या गटाला १४० च्या गटापेक्षा हृदयविकार आणि मृत्यू दोन्ही सुमारे एक-तृतीयांशाने कमी. नाजूक प्रकृतीच्या लोकांतही फायद्याची दिशा तीच होती आणि जखमी करणारी पडझड वाढली नाही. मग सगळ्यांनाच १२० का नको?

या दोन्ही चाचण्यांनी दारातच कोणाला अडवलं ते पाहिलं की उत्तर मिळतं. हायव्हेटने उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा आकडा १४० च्या खाली जात होता त्यांना घेतलंच नाही. स्प्रिंटने उभ्याने ११० च्या खाली जाणारे वगळले, शिवाय मधुमेह, आधी झालेला पक्षाघात, स्मृतिभ्रंश आणि वृद्धाश्रमात शुश्रूषेखाली असलेलेही वगळले. स्प्रिंटमध्ये मोजणीही यंत्राने, पाच मिनिटं शांत बसवून, तीनदा आणि अनेक ठिकाणी खोलीत कुणी नसताना होत असे. घाईगर्दीच्या दवाखान्यात त्याच माणसाचा आकडा सहसा जास्त भरतो. तिथला १२० आणि इथला १२० एक नव्हेत.

अगदी नाजूक लोकांबद्दलचा पुरावा विरळ आहे. फ्रान्स-इटलीतल्या वृद्धाश्रमांत, दोन किंवा अधिक औषधं घेऊन १३० च्या खाली असलेल्यांचे मृत्यू जास्त आढळले. पण ती निरीक्षणं होती, आणि खंगत चाललेल्या माणसाचा रक्तदाब आपोआपही उतरतो. मग औषधं कमी करून पाहण्याची चाचणी फ्रान्समध्ये झाली, तिचे निकाल २०२५ मध्ये आले. तिथे गोळ्या कमी केल्याने आयुष्य वाढलं नाही आणि घटलंही नाही. मला यातून एवढंच दिसतं की नाजूक माणसाची गोळी कमी करायला घाबरायचं कारण नाही, पण त्यातून चमत्काराची अपेक्षाही नको.

मार्गदर्शक तत्त्वांमध्येही एकवाक्यता नाही. युरोपच्या उच्च रक्तदाब संस्थेने २०२३ मध्ये ऐंशीपुढे १४० ते १५० आणि सोसलं तर १३० ते १३९ असं सांगितलं. २०२४ मध्ये युरोपच्याच हृदयरोग संस्थेने सोसत असेल तर १२० ते १२९ असं म्हटलं, पण पंच्याऐंशीपुढे, बऱ्यापैकी नाजूक प्रकृतीत किंवा उभ्याने त्रास होत असेल तर सैल लक्ष्य चालेल अशी मुभा दिली. दोन्हीकडे सगळा भार “सोसलं तर” या शब्दांवर आहे, आणि सोसतंय की नाही हे उभ्याने घेतलेला आकडा सांगतो.

आजोबांच्या गोळ्या पाहिल्या तर रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन १० मिलिग्रॅम आणि टेल्मिसार्टन, शिवाय हायड्रोक्लोरोथायझाइड आणि रात्री प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. ॲम्लोडिपिनने घोटे सुजले, ती सूज उतरवायला हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीची गोळी सुरू झाली. त्या गोळीने रक्तातलं सोडियम १२८ वर आणलं होतं. १३५ च्या खाली ते कमी समजलं जातं आणि तेवढ्यानेही तोल जातो. त्यात टॅम्सुलोसिन रक्तवाहिन्या सैल करतं, आणि तेही नेमकं रात्री.

सगळं एकदम बंद केलं तर नेमकं कशाने फरक पडला ते कळणार नाही. सोडियममुळे सर्वांत आधी लघवीची गोळी बंद केली. दोन आठवड्यांत सोडियम १३५ वर आलं. घोटे पुन्हा सुजले, तेव्हा ॲम्लोडिपिन अर्धं केलं आणि सूज उतरली. प्रोस्टेटच्या गोळीबद्दल मूत्ररोगतज्ज्ञांना विचारलं, त्यांनी ती राहू द्यायला सांगितलं, कारण ती काढली तर लघवी तुंबण्याची भीती होती. सहा आठवड्यांनी खुर्चीत १४४, उभ्याने तीन मिनिटांनी १३०. खुर्चीतून उभं राहतानाची घसरण २४ वरून १४ वर आली.

टेल्मिसार्टनला कुणी हात लावला नाही. आजोबा अजून रोज स्वतः चालतात, आंघोळ स्वतः करतात आणि हिशेब चोख ठेवतात. हायव्हेटमध्ये अशाच माणसांना फायदा झाला होता, त्यामुळे १४४ च्या पुढे ढिलाई द्यायला जागा नव्हती. १३० चा हट्ट धरायलाही नव्हती. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं ठरलं: आधी आडवं, मग उभं, घड्याळ लावून.