शाळेसाठी फूड ॲलर्जीचा कृती आराखडा: डॉक्टरांच्या टिपणावरून कागद कसा करायचा

पुण्यातल्या एका शाळेच्या आरोग्य कक्षात मी नर्स आहे. दर जूनमध्ये पालक ॲलर्जी डॉक्टरांचं टिपण जसंच्या तसं जोडून फॉर्म देतात आणि तो परत जातो. कारण ‘अव्हॉइड नट्स, एसओएस सेटिरिझिन’ एवढ्यावर वर्गशिक्षिका काहीच करू शकत नाही.

आधी हा आराखडा कुणासाठी ते पाहा. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या किंवा दम लागणं असं झालंय आणि डॉक्टरांनी ॲलर्जी पक्की केली आहे, अशा मुलांसाठी. दूध पचत नाही, पोट फुगतं, यासाठी साधी चिठ्ठी पुरते. आयजीजी नावाच्या रक्ततपासणीच्या पॅकेजचा रिपोर्ट आणू नका, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही.

कागद फार नाहीत: सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेलं डॉक्टरांचं पत्र, ॲड्रेनॅलिन इंजेक्शनचं प्रिस्क्रिप्शन, मुलाचा फोटो, पालकांचं संमतिपत्र. काही कार्यालयं ‘मूल पूर्ण तंदुरुस्त आहे’ असा दाखला मागतात. ॲलर्जी असलेल्या मुलाला डॉक्टर असा दाखला कसा देणार? त्याऐवजी ‘आराखडा पाळून शाळेत येऊ शकते’ हे एक वाक्य पत्रातच लिहून घ्या.

सगळं अडतं ते पदार्थांच्या यादीवर. समजा पहिलीतली मुलगी आहे, वजन 18 किलो. टिपणात लिहिलंय: शेंगदाणा चिक्कीनंतर दहा मिनिटांत अंगावर गांधी, दोन उलट्या, खोकला. त्वचा चाचणीत शेंगदाणा, काजू आणि दूध पॉझिटिव्ह. आई तिन्ही पदार्थ फॉर्मवर उतरवते. पण मुलगी रोज दूध-दही खाते, तिला काही होत नाही. चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी असतेच असं नाही. दूध यादीत ठेवायचं की नाही हे डॉक्टरांकडून लिहून आणा, स्वतः ठरवू नका. यादी लांबली की डबा बघणारी मावशी खऱ्या धोक्याकडेही दुर्लक्ष करते.

उरलेले पदार्थ डब्याच्या भाषेत लिहा. ‘पीनट’ नको, साबुदाण्याची खिचडी, कूट घातलेली कोशिंबीर, भरली वांगी, चिक्की, दाण्याची चटणी असं लिहा. काजू असेल तर वाढदिवसाची काजूकतलीही. उपवासाच्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या डब्यात दाण्याचं कूट असतं, ते शिक्षिकेला आधीच सांगा. पाकिटावर ॲलर्जी करणारे घटक छापणं एफएसएसएआयच्या नियमाने बंधनकारक आहे, पण सुट्या मिठाईवर लेबलच नसतं. त्यामुळे ‘सुटं काही देऊ नये’ हे वेगळं लिहा.

लक्षणांचे दोन भाग करा. तोंडात खाज, थोडं पित्त, ओठाला किंचित सूज असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं गोळीचं औषध द्यायचं, पालकांना फोन करायचा आणि मुलीला नजरेसमोरून हलू द्यायचं नाही. पण श्वासाला घरघर, आवाज बसणं, न थांबणारा खोकला, चेहरा पांढरा पडणं, चक्कर, किंवा पित्ताबरोबर वारंवार उलट्या, यांतलं काहीही दिसलं की ॲड्रेनॅलिन. अंगावर पुरळ नसलं तरीही. सेटिरिझिन पित्त शमवतं, श्वास वाचवत नाही. गोळी देऊन वाट बघण्यातच जीव धोक्यात येतो.

डोस किलोला 0.01 मिलीग्रॅम, म्हणजे हिला 0.18 मिलीग्रॅम. आपल्याकडे पेनसारखं तयार इंजेक्शन सहज मिळत नाही, 1 मिलीची ॲम्प्यूल मिळते, तिच्यात 1 मिलीग्रॅम औषध असतं. म्हणून कागदावर ‘0.18 मिलीग्रॅम, म्हणजे 0.18 मिली’ असं दोन्ही लिहून घ्या, नुसता आकडा असलेला फॉर्म मी परत करते. सोबत 1 मिलीची सिरिंज ठेवा. इन्सुलिनची नको, तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर. कोण देणार त्या प्रशिक्षित माणसाचं नाव, आणि तो नसेल त्या दिवशी कोण, हेही फॉर्मवर हवं.

इंजेक्शन देताच 108 ला फोन. मुलीला झोपवून पाय उंच ठेवायचे. दम लागत असेल तर बसवायचं. उभं करायचं किंवा चालवायचं नाही. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस, म्हणून ॲम्प्यूल दोन हव्यात. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, लक्षणं काही तासांनी उलटू शकतात.

औषध कुलूपबंद कपाटात नको. किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क जेवायला गेलेला, हे मी पाहिलंय. उन्हात किंवा उजेडात ठेवू नका. गुलाबी-तपकिरी दिसलं तर टाकून द्या.

शेवटचा घोळ तारखेचा. फॉर्मवर ‘वर्षभर वैध’ छापलेलं असतं, त्यामुळे पालक निर्धास्त होतात. ॲम्प्यूलची मुदत मात्र जानेवारीतच संपलेली असू शकते. ती तारीख आराखड्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. जूनमध्ये पुन्हा वजन करून डोस डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या. जुन्या फॉर्मची झेरॉक्स चालत नाही.