अंतराळ स्थानक पुढे, यान मागे: गाठायचं कसं?

"स्थानक पुढे आहे ना? मग त्याच्या दिशेने इंजिन जोरात चालवायचं, गाठलंच!"

जून 1965 मध्ये जेमिनी 4 या अमेरिकी यानातले अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी हेच करून पाहिलं. आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याकडे त्यांनी यान रेटलं, आणि तो लांबच जात राहिला. बरंच इंधन जाळून शेवटी नाद सोडावा लागला.

कक्षेत पुढे ढकललेलं यान वर चढतं. वरची वाट लांब, शिवाय तिथला वेगही कमी. म्हणून यान आणखी मागे पडतं.

त्यामुळे मागच्या यानाने खालची कक्षा धरायची. 400 किमी उंचीवरच्या स्थानकाला एका फेरीला साधारण 92.5 मिनिटं लागतात, 300 किमीवरच्या यानाला 90.5. दर फेरीत दोन मिनिटांची, म्हणजे नऊशेहून अधिक किलोमीटरची पिछाडी भरून निघते. मग वर चढायचं, पण स्थानक थोडं पुढे असतानाच; चढताना अर्धी फेरी जाते आणि उरलेलं अंतर तेवढ्यात मिटतं.

अगदी शेवटच्या काही मीटरांत मात्र सरळ समोर ढकलणं चालतं. तिथे कक्षेला वाकडेपणा करायला वेळच मिळत नाही.