सर्ज प्रोटेक्टर
विद्युतदाबाच्या क्षणिक उसळीपासून उपकरणे वाचवणारे साधन. मुंबईच्या बाजारात ते ‘स्पाइक गार्ड’ नावाने विकले जाते. पण तेच नाव साध्या एक्स्टेन्शन बोर्डांवरही सर्रास छापलेले असते. लाल दिवा, स्विच आणि फ्यूज दोन्हींत असू शकतात. दिवा बहुधा वीज चालू असल्याचेच दाखवतो आणि मायक्रोसेकंदांत संपणाऱ्या उसळीला फ्यूज वितळायला उसंतच मिळत नाही. खरा फरक आतील व्हॅरिस्टरचा असतो.

झिंक ऑक्साइडात बिस्मथ इत्यादींची ऑक्साइडे मिसळून भाजलेली ही चकती ठराविक दाबापर्यंत जवळपास विद्युतरोधक असते, त्यापुढे एकाएकी प्रवाह वाहू देते. झिंक ऑक्साइड व्हॅरिस्टरचे श्रेय सामान्यतः जपानमधील मात्सुशिता कंपनीच्या मिचिओ मात्सुओका यांना दिले जाते. उत्पादनाचा काळ १९६० च्या दशकाची अखेर मानतात. बऱ्याचदा उद्धृत होणारा त्यांचा निबंध मात्र १९७१ चा आहे. त्यापूर्वीचे सिलिकॉन कार्बाइड रोधक वीजवाहिन्यांवर रूढ होते, पण दाब वाढताच त्यांतील प्रवाह इतका एकाएकी वाढत नसल्याने त्यांना जोडीला ठिणगी-फट लागे.

चकतीने बिघाड न होता शोषावयाच्या ऊर्जेचा अंदाज म्हणजे ज्यूल-मूल्य. खोक्यावर ४५० ज्यूल लिहिले असेल, तर बहुधा फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ व न्यूट्रल-अर्थ यांमधील प्रत्येकी १५० ज्यूलच्या तीन चकत्यांची ती बेरीज असते. फेज-न्यूट्रलमधील उसळ मुख्यतः एकाच चकतीवर येते. अर्थिंग नसलेल्या जुन्या चाळीत उरलेल्या दोन निरुपयोगीच. १,००० अँपिअरची, सुमारे २० मायक्रोसेकंदांची उसळ ९०० व्होल्टवर रोखली गेली, तर चकतीत साधारण २५ ज्यूल मुरतात. म्हणजे १५० ज्यूल पुरतात. मात्र दर मोठ्या आघाताने चकती झिजते. टीव्ही वा संगणकापर्यंत पोचतात ते ९०० व्होल्ट, म्हणून ज्यूलपेक्षा हा रोध-दाब पाहणे अधिक सयुक्तिक दिसते. काही क्षणांसाठी तो सोसण्याची थोडी सोय उपकरणाच्या पॉवर सप्लायमध्येही असते.

इमारतीचा न्यूट्रल सैल झाल्यास गणित बदलते. २३० ऐवजी ३८० व्होल्ट टिकून राहिले, तर २७५ व्होल्टची चकती प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वाहू लागते. सेकंदाला १०० ज्यूल शिरले तरी दीड सेकंदात तिची क्षमता संपते. सतत ती जेमतेम एक वॉट सोसते. उष्णतेने तुटणारा फ्यूज नसेल, तर ती पेट घेऊ शकते. येथे जास्त दाबाला पुरवठा तोडणारा रिलेच उपयोगी.

गच्चीवरून लोंबत येणाऱ्या केबलची उसळ सॉकेटला वळसा घालून थेट टीव्हीत शिरते. त्या तारेसाठी स्वतंत्र रोधक लागतो. तो नसेल, तर गडगडाट होताना केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवतात.