वीस सेकंद शिळी बातमी आणि श्वासाचे हेलकावे

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर झालेला पेशंट झोपलेला असताना शेजारी बसून नीट बघितलं तर कधीकधी एक अजब प्रकार दिसतो. श्वास अगदी बारीक सुरू होतो, मग प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, छाती जोरजोरात वरखाली व्हायला लागते आणि मग तितक्याच सावकाश लहान होत होत श्वास चक्क बंद. वीस-पंचवीस सेकंद काहीच नाही. मग परत बारीक सुरू. बघणाऱ्याची पाचावर धारण बसते. कुणी म्हणतं ऊर्ध्व लागला, कुणी म्हणतं कफ अडकला, तेवढ्यात कुणीतरी कानात मंत्र पुटपुटतं आणि श्वास सुरू होतो, की सगळे मार्क मंत्राला! अहो, काहीही केलं नसतं तरी तो तेवढ्याच वेळात सुरू झाला असता, पुढच्या फेरीला घड्याळ लावून बघा.

याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. जॉन चेन या डॉक्टरने १८१८ मध्ये डब्लिनमधल्या एका पेशंटबद्दल हे लिहून ठेवलं: श्वास पाव मिनिट पूर्ण थांबायचा, मग हळूहळू वाढायचा, मग परत विरायचा, आणि अशी एक फेरी साधारण एका मिनिटाची. विल्यम स्टोक्सने १८५४ मध्ये त्याचा हृदयाशी संबंध जोडला. दोनशे वर्षांपूर्वीचा तो 'एक मिनिट' लक्षात ठेवा, कारण खरी गंमत त्या आकड्यातच आहे.

आधी थोडं शाळेतलं. श्वास किती घ्यायचा हे मेंदू मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवतो, ऑक्सिजनचा नंबर नंतर लागतो. नेहमीची पातळी, दाबात मोजली तर, ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. वाढली की श्वास वाढवायचा, घटली की कमी करायचा. हे मोजणारे सेन्सर दोन ठिकाणी आहेत, एक मेंदूच्या बुडाशी आणि दुसरा मानेत, जिथे कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो तिथे. मानेतला जास्त चपळ, म्हणून आपण त्याच्यावरच लक्ष ठेवू. आता बघा, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो फुप्फुसात आणि मोजला जातो मानेत. मधला प्रवास रक्ताला करावा लागतो, म्हणजे फुप्फुसातल्या शिरा, हृदयाची डावी बाजू, महाधमनी आणि मग मान. त्यामुळे सेन्सरला कळते ती फुप्फुसाची आत्ताची स्थिती नसते, काही सेकंद शिळी असते.

किती शिळी? अंदाजाला सोपे आकडे धरू. या वाटेवर ६०० मिलिलिटर रक्त आहे आणि हृदय मिनिटाला ५ लिटर ढकलतंय, म्हणजे सेकंदाला ८३ मिलिलिटर, तर लागले साधारण ७ सेकंद. आता हार्ट फेल्युअरमध्ये हृदय फुगलंय, शिरांमध्ये रक्त तुंबलंय, वाटेवर १००० मिलिलिटर झालं आणि पंप मात्र मिनिटाला ३ लिटरच, म्हणजे सेकंदाला ५०. झाले २० सेकंद. प्रवाह मंदावला आणि भरायची जागाही वाढली, दोन्हीकडून मार.

या २० सेकंदांनी काय होतं ते एक फेरी सेकंदासेकंदाने चालवून बघू. श्वास बंद होता, तो आत्ता सुरू झाला, हा शून्य सेकंद. फुप्फुसात या क्षणी कार्बन डायऑक्साइड सगळ्यात जास्त साठलाय. पण मानेत पोचतंय ते २० सेकंदांपूर्वी निघालेलं रक्त. दहाव्या सेकंदाला श्वास बरेच मोठे झालेत, फुप्फुस साफ व्हायला लागलंय, पण मानेत अजून श्वास बंद असतानाचंच रक्त येतंय आणि सेन्सर ओरडतोय की अजून वाढवा. विसाव्या सेकंदाला शून्याला निघालेलं, सगळ्यात जास्त कार्बन डायऑक्साइडवालं रक्त मानेत पोचतं आणि श्वास शिखरावर जातो, फुप्फुसाला खरंतर आता त्याची अजिबात गरज नसताना. मग चांगली बातमी यायला लागते, श्वास उतरतो, पण उतरतानाही तो गरजेपेक्षा जास्तच चाललेला असतो, म्हणून तिसाव्या सेकंदाच्या सुमाराला फुप्फुसातली पातळी तळाला जाते. पस्तिसाव्याला मानेत येणारी पातळी इतकी कमी झालेली असते की श्वास बंद. आणि तो तळ? तो मानेत पोचतो पन्नासाव्या सेकंदाला, म्हणजे श्वास बंद होऊन पंधरा सेकंद झाल्यावर, फुप्फुसात परत कार्बन डायऑक्साइड साठत असताना! साठाव्या सेकंदाला कुठे सेन्सरला जाग येते आणि पहिले पाढे पंचावन्न. प्रत्येक हुकूम बरोबरच आहे, फक्त वीस सेकंद जुन्या परिस्थितीसाठी.

इथवर बऱ्याच लेखांत वाचायला मिळतं. पण मला आवडणारा भाग पुढे आहे आणि तो जरा किचकट आहे, सांभाळून घ्या. नुसता उशीर झाला तर नुसतं उशिरा दुरुस्त व्हायला हवं ना, हेलकावे का वाढावेत? उशीर तर निरोगी माणसातही आहे, ७ सेकंदांचा.

याचं उत्तर असं की उशीर हेलकाव्याची लांबी ठरवतो आणि लांबी ठरवते हेलकावा तगणार की मरणार. हेलकावा स्वतःला पोसत राहायचा तर दुरुस्ती नेमकी उलट्या वेळी पोचायला हवी, चढ चालू असताना चढवणारी आणि उतार चालू असताना उतरवणारी. फुप्फुस क्षणात बदलत असतं तर अशी फेरी उशिराच्या दुप्पट वेळाची झाली असती. पण फुप्फुसाला साफ व्हायला आणि परत भरायला वेळ लागतो, ती दिरंगाई धरली की फेरी उशिराच्या दुप्पट ते चौपट यांच्यामध्ये कुठेतरी बसते. उशीर ७ सेकंद असेल तर फेरी १४ ते २८ सेकंदांची. उशीर २० असेल तर ४० ते ८० ची, आणि चेनच्या पेशंटचं एक मिनिट बरोबर याच्यात येतं. पडताळा पाहिजे तर उंच डोंगरावर जा. तिथे निरोगी गिर्यारोहकांचाही श्वास झोपेत असाच वरखाली होतो, पण हृदय धडधाकट असल्याने त्यांची फेरी सहसा २० सेकंदांच्या आसपास असते.

आता फुप्फुसाकडे या. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात साधारण अडीच लिटर हवा उरते. या साठ्यामुळे दोन-तीन श्वास मोठे घेतले तरी कार्बन डायऑक्साइड फारसा हलत नाही, साठा तो धक्का पचवतो. छोट्या फेरीत जास्तीचे श्वास दोन-तीनच होतात, त्यामुळे निरोगी माणसातला हेलकावा साठ्यात जिरून जातो. पण फेरी एक मिनिटाची झाली की सलग दहा-बारा श्वास जास्तीचे पडतात आणि तेवढ्यात साठा चांगलाच रिकामा होतो. फुप्फुस तेच, सेन्सर तोच, पण धक्का मंद झाला म्हणून त्याला कुणी जिरवत नाही.

धक्का एक फेरी फिरून कितीपट होऊन परत येतो, याला इंजिनिअर लोक लूप गेन म्हणतात. पातळी २ मिलिमीटरने ढळली आणि फिरून आलेली दुरुस्ती १ ने जास्त झाली, तर गेन ०.५, पुढच्या खेपेला अर्धा, मग पाव, संपलं. गेन १.२ असेल तर २ चे २.४, मग २.९, वाढतच जातं. मग अनंतापर्यंत का नाही जात? कारण श्वास शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. तो शून्याला टेकतो, तिथे हेलकावा अडतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो टेकलेला भाग म्हणजे 'श्वास बंद' दिसतो.

म्हणजे उशीर हा एकटा गुन्हेगार नाही. १९५६ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ गायटन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर लांब नळ्या जोडून रक्ताचा प्रवास मुद्दाम लांबवला. हेलकावे आले, पण सगळ्या कुत्र्यांत नाही, आणि त्यासाठी उशीर काही मिनिटांचा करावा लागला, आजारी माणसात दिसतो त्याच्या कितीतरी पट. माणसात २० सेकंदांत भागतं कारण गेन दुसरीकडूनही वाढलेला असतो. निरोगी माणूस पातळी १ मिलिमीटरने चढली की मिनिटाला साधारण २ लिटर हवा जास्त घेतो, या पेशंटमध्ये हा प्रतिसाद दुप्पटही असू शकतो. शिवाय तुंबलेलं फुप्फुस तिथल्या मज्जातंतूंना डिवचत राहतं, म्हणून पेशंट कायमच थोडा जास्त श्वास घेतो आणि त्याची नेहमीची पातळी ४० ऐवजी ३५ च्या आसपास असते. झोपेत एका ठराविक पातळीखाली श्वास थांबतो. जागेपणी मेंदू इतर कारणांनी तो चालू ठेवतो म्हणून हा प्रकार रात्री जास्त. आणि या लोकांची नेहमीची पातळी त्या रेषेच्या अगदी जवळ, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर असते. कूस बदलताना एक मोठा उसासा टाकला तरी रेषा ओलांडली जाते.

ओळखायचं कसं? घोरणाऱ्याचा घसा बंद पडतो तेव्हा छाती-पोट झटत असतं पण हवा जात नाही, आणि सुटका एकदम घुर्रकन होते. इथे छाती-पोटही स्वस्थ, आणि चढ-उतार सावकाश. दुसरी खूण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर. ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात खाली दिसतो तो श्वास बंद असताना नव्हे, पेशंट जोरजोरात श्वास घेत असताना, कारण बोटालाही बातमी उशिराच पोचते, मानेपेक्षाही उशिरा. म्हणून एकदाच बोट घालून आकडा वाचण्यात काही अर्थ नाही, फेरीत कुठे पकडलंत त्यावर तो बदलेल. उलट श्वास परत सुरू झाल्यापासून आकडा तळाला जाईपर्यंतचे सेकंद मोजले तर रक्त किती रेंगाळतंय याचा ढोबळ अंदाज येतो. फेरीतला श्वास चालू असण्याचा भागही हृदय मंदावलं की लांबतो. अर्थात हे डॉक्टरांना सांगायला उपयोगी, घरी निदान करायला नाही.

मग हेलकावा मशीनने सपाट केला की झालं? तसंच वाटलं होतं. श्वास कमी झाला की हवेचा दाब वाढवणारी आणि वाढला की कमी करणारी मशीन आली, मास्क लावून झोपायचं. रात्रीचा आलेख खरंच सरळ झाला. पण २०१५ मध्ये सर्व्ह-एचएफ या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ज्यांचं हृदय एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी ४५ टक्के किंवा त्याहून कमी बाहेर टाकत होतं त्यांच्यात मशीन वापरणारे जास्त मेले, मुख्यतः हृदयाच्या कारणांनी. का, यावर वाद आहेत, कुणी म्हणतात छातीतल्या वाढत्या दाबाने कमजोर पंप आणखी अडला, कुणी म्हणतात हेलकाव्याचाच शरीराला काही फायदा होत असावा. त्या निकालांनंतर अशा पेशंटना ते मशीन लावणं टाळलं जाऊ लागलं. आधी हृदयाची औषधं नीट बसवतात, फुप्फुसातलं पाणी कमी करतात, लागलं तर हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र आकुंचन पावतील असा पेसमेकर बसवतात. पंप सुधारला की बातमी लवकर पोचते, फेरी आखूड होते आणि अनेकांमध्ये श्वास थांबायचाही कमी होतो.