जॅमवरची बुरशी आणि लिबलिबीत टोमॅटो

जॅमच्या बाटलीचं झाकण उघडलं की कडेला रुपयाएवढा हिरवट, मखमली ठिपका दिसतो. चमच्याने तेवढा थर काढायचा आणि खालचा जॅम पोळीला लावायचा, ही घरोघरची रीत. पण डोळ्यांना दिसतो तो फक्त बीजाणू तयार करणारा, रंगीत भाग. अन्न शोषणारे तंतू त्याच्या खाली, जॅममध्ये उतरलेले असतात आणि ते बिनरंगी असल्याने दिसत नाहीत.

खरं तर इतक्या गोड पदार्थात काही वाढायलाच नको. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे जिवाणूंना ते मिळत नाही. बुरशीला मात्र कमी पाण्यातही भागवता येतं. शिवाय जॅम गरम असतानाच झाकण लावून ठेवलं, तर आतल्या वाफेचं पाणी होऊन थेंब पृष्ठभागावर पडतात. तिथली साखर पातळ होते आणि बुरशी नेमकी तिथेच बसते. ओला चमचा घातला तरी तेच. कमी साखरेच्या घरगुती जॅममध्ये तर तिला वरचा थर पातळ होण्याची वाट पाहावी लागत नाही.

काही बुरश्या विषारी द्रव्यं बनवतात. सफरचंद कुजवणाऱ्या निळसर-हिरव्या पेनिसिलियमचं पॅट्युलिन हे त्यातलं ओळखीचं नाव. सगळ्याच बुरश्या विषारी नसतात, पण कोणती कुठली हे रंगावरून सांगता येत नाही. ही द्रव्यं मऊ, पाणीदार पदार्थात ठिपक्याच्या पलीकडे पसरू शकतात, आणि त्यातली बरीचशी उकळूनही जात नाहीत. म्हणून जॅम पुन्हा आटवून ‘वाचवणं’ निरर्थक आहे. बाटली टाकायची. वास घेऊन पाहू नका, बीजाणू नाकात जातात.

टोमॅटोचं गणित वेगळं आहे, कारण नुसता मऊ टोमॅटो म्हणजे सडलेला नव्हे. पिकताना त्यातली विकरं पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन तोडतात, त्यामुळे तो बोटाने दाबला जातो. साल अखंड आहे, वास नेहमीचा आहे, रस गळत नाही, तर त्याचं खुशाल सार करा. सालीला चीर पडून पाणी सुटलंय, आंबूस वास येतोय, तर ते जिवाणूंचं काम.

देठाजवळ काळा, मखमली डाग असेल तर ती बहुधा अल्टरनेरिया नावाची बुरशी. टोमॅटोत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून तेवढा भाग कापून उरलेला चिरणं धोक्याचं. गाजर किंवा कोबीसारख्या घट्ट भाजीत तंतूंना आत शिरणं जड जातं. तिथे डागाभोवतीचा आणि खालचा निदान अडीच सेंटिमीटर भाग काढून उरलेलं वापरता येतं. सुरी मात्र डागात घुसवू नका, नाहीतर बुरशी चांगल्या भागाला तुम्हीच लावाल.

टोपलीतले शेजारचे टोमॅटो टाकायची गरज नाही. धुवा, कोरडे पुसा, देठापाशी नीट बघा आणि आधी तेच संपवा.