‘लागू नाही’ आणि ‘उत्तर नाही’ हे दोन वेगळे कोड आहेत

सर्व्हेचा डेटा क्लीन करताना कोडबुकमध्ये बहुतेक लोक व्हेरिएबलचं नाव, प्रश्न, 1 = हो, 2 = नाही एवढं नीट लिहितात, त्यात फारसं कोणी चुकत नाही. गोंधळ होतो तो रिकाम्या सेलचा, आणि तो पुन्हा पुन्हा तसाच होताना दिसतो.

समजा 200 घरांचा सर्व्हे आहे. प्र. 12, घरात गाई-म्हशी आहेत का? प्र. 13, असल्यास किती? 120 घरं नाही म्हणाली म्हणून त्यांना 13 विचारलाच नाही, हे ‘लागू नाही’. 80 हो म्हणाली, त्यातल्या 74 घरांनी आकडा दिला आणि 6 फॉर्मवर जागा कोरीच, हे ‘उत्तर नाही’. शीटमध्ये मात्र 126 सेल सारखेच रिकामे दिसतात.

आता 74 घरांची मिळून 222 जनावरं आहेत असं धरा. एक्सेलचं AVERAGE रिकामे सेल सोडून देतं, त्यामुळे उत्तर येतं 3, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जातं ‘दर घरी सरासरी 3 जनावरं’. साफ चूक, हे फक्त जनावरं असलेल्या घरांचं झालं. दर घरी काढायचं तर 120 घरांची जनावरं खरोखर शून्य आहेत, ती धरायची आणि 6 सोडायची, म्हणजे 222 भागिले 194, साधारण 1.14. काहीजण सरसकट सगळ्या रिकाम्या सेलमध्ये 0 भरतात, ते तर मला अजिबात पटत नाही, कारण त्या 6 घरांत जनावरं आहेत हे त्यांनीच सांगितलंय.

म्हणून दोन कोड ठेवा, माझी पसंती -8 लागू नाही आणि -9 उत्तर नाही. 99 नको, सहा जागी 99 टाकून विसरलात तर जनावरं असलेल्या घरांची सरासरी थेट 10.2 होते, शिवाय कुठल्यातरी प्रश्नाला 99 हे खरं उत्तर असू शकतं. मूळ शीटला हात न लावता नवीन कॉलममध्ये (C म्हणजे प्र. 12, D म्हणजे प्र. 13):

```
=IF(D2<>"",D2,IF(C2=2,-8,-9))
```

आकडा असेल तर तो तसाच राहतो, हे मुद्दाम. कारण 12 ला ‘नाही’ आणि 13 ला 4 असंही सापडतं, ते फिल्टर लावून बघायचं आणि कागदी फॉर्म काढून ठरवायचं, अंदाजाने पुसायचं नाही. कोडिंग झालं की मोजा, -8 बरोबर 120 आले पाहिजेत, कमीजास्त असेल तर कुठेतरी स्किप चुकलाय.

एसपीएसएसमध्ये हे कोड जाहीर केल्याशिवाय ते साधे आकडे म्हणूनच मोजले जातात:

```
MISSING VALUES q13 (-8, -9).
```

एक्सेलमध्ये अशी सोय नाही, तिथे सरासरी काढताना AVERAGEIF मध्ये ">=0" ची अट घालावी लागते. आणि कृपा करून ‘पिवळा रंग म्हणजे उत्तर नाही’ असलं काही करू नका, शीट सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की रंग गेला.